धागा: पगार की मनाचं काम, हा तास शेवटच्या वर्षाच्या पोरांना कसा घ्यावा?

विस्तारवाली

नमस्कार मंडळी. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका खाजगी कृषी महाविद्यालयात विस्तार शिक्षण शिकवते. पुढच्या शनिवारी शेवटच्या वर्षाच्या चाळीस पोरापोरींसाठी दीड तासाचा एक तास घ्यायचाय, विषय "व्होकेशन". म्हणजे नुसतं पोट भरायचं काम नाही, ज्यात आपला जीव आहे असं काम, आणि समोर पक्क्या पगाराची नोकरी असताना ते निवडायचं की नाही.

मागच्या वर्षी हाच तास मी घेतला होता आणि फार जोरात घेतला होता. पोरं रावेमध्ये, म्हणजे सातव्या सत्रात, गावात राहून आलेली असतात, मनं ताजी असतात. मी बोलले आणि एका मुलीने कंपनीची नोकरी सोडून नंदुरबारकडच्या डोंगरात एका संस्थेत काम घेतलं. काम तिला मनापासून आवडलं. पण संस्थेचा निधीचा हप्ता लांबला, मानधन तीन महिने आलंच नाही, शैक्षणिक कर्जाचे तीन हप्ते चुकले. कर्जात सहकर्जदार कोण, तर वडील. मे महिन्यात वडील पीक कर्जाला गेले तेव्हा बँकेने सांगितलं की तुमच्या नावावर थकबाकी दिसतेय. चार एकराचा माणूस, कपाशीचं बियाणं व्याजाच्या पैशानं आणलं. मुलगी आठ महिन्यांत परत आली.

तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, त्यामुळेच मला झोप येत नाही. या वर्षी तास सोडायचा नाहीये, पण तसा घ्यायचाही नाहीये. तुम्ही ज्यांनी हे निवडलंय किंवा नाही निवडलंय, सांगा ना, त्या वयात तुम्हाला कोणी काय सांगायला हवं होतं?

भुसावळ_जंक्शन

वाचतोय. मॅडम, मनावर घेऊ नका एवढं. हप्ता काय तुम्ही थकवला नाही.

यावलचा_नाना

मॅडम खूप चांगला विषय. व्होकेशनल कोर्स केलाच पाहिजे पोरांनी. माझ्या पुतण्याने आयटीआय वायरमन केलं, आज मोटारी भरायचं स्वतःचं दुकान आहे, दोन पोरं हाताखाली आहेत. डिग्री घेऊन घरी बसण्यापेक्षा कधीही बरं.

विस्तारवाली

नाना, मी तो अर्थ घेतला नव्हता, पण तुमच्या पुतण्याचं विचारते. त्याला त्या कामात गोडी आधीपासून होती की करता करता लागली?

यावलचा_नाना

आधी कुठली, रडत जायचा. दीड-दोन वर्षांनी एकदा रात्री दोन वाजता कोणाची विहिरीतली मोटर काढायला गेला, केळीला पाणी द्यायचं होतं, सकाळी आला तेव्हा पहिल्यांदा हसताना दिसला. तेव्हापासून बदलला.

बांधावरचा

नानांनी वेगळ्याच रस्त्याने जाऊन मुद्द्यालाच हात घातला असं मला वाटतं. आता माझं सांगतो, लांबेल जरा.

मी बीएस्सी ॲग्री, अकरा वर्षं झाली औषध कंपनीत आहे, रावेर-यावल पट्टा. म्हणजे मॅडमच्या हिशोबात मी "पक्का पगार" वाला. तीन वर्षांपूर्वी श्रावणात एका शेतकऱ्याचा फोन आला, केळीची नवीन मृगबाग, टिश्यूची रोपं, दोन महिन्यांची. जाऊन बघितलं तर पानांवर पिवळे पट्टे, पोंगा सडायला लागलेला. हरण्या. सीएमव्ही म्हणतात तोच विषाणू. आठ दिवस झड लागलेली, ढगाळ, आणि शेजारच्या वावरात काकडी. साडेचौदाशे झाडांत चाळीसेक लागलेली होती.

आता विषाणूवर औषध नाही. मावा तो पसरवतो, माव्यासाठी फवारा मारता येतो, पण लागलेलं झाड कुठल्याही फवाऱ्याने बरं होत नाही. ते उपटून लांब नेऊन पुरायचं, आणि दर चार दिवसांनी बागेत फिरून नवीन दिसलं की तेही उपटायचं, एवढाच मार्ग. पण माझा महिना संपायला सहा दिवस होते, टार्गेट निम्मं पडलेलं, आणि दुकानदार त्या शेतकऱ्याला आधीच म्हणाला होता की साहेब येतील ते किट लिहून देतील. किट म्हणजे टॉनिक, बुरशीनाशक आणि आणखी एक बाटली, साडेचार हजाराचं. शेतकऱ्याला पण तेच हवं होतं, कारण पंधरा-सोळा रुपयांचं रोप स्वतःच्या हाताने उपटायचं म्हणजे जिवावर येतं.

मी म्हणालो उपटा. तो चिडला. मी त्याच्याबरोबर उभं राहून पहिली पाच झाडं स्वतः उपटली. दुकानदाराने पुढचे दोन महिने माल उचलला नाही, माझा त्या तिमाहीचा इन्सेंटिव्ह गेला. ती बाग राहिली, शेवटी साठ-पासष्ट झाडं गेली असतील.

सांगायचं काय, तर त्या दिवशी बांधावर मला कळलं की माझं काम काय आहे. नोकरी तीच, कंपनी तीच, गाडी तीच. पोरांना सांगा की मनाचं काम दुसऱ्या पत्त्यावर राहतं असं नसतं. पण हेही सांगा की असा दिवस वर्षातून दोन-चारदा येतो आणि प्रत्येक वेळी खिशातून काहीतरी जातं.

तयारी_सुरूच

बांधावरचा दादा, मग अकरा वर्षं त्याच कंपनीत का? प्रामाणिकपणे विचारतोय. वर्षातले दोन-चार दिवस खरं बोललात, उरलेल्या दिवशी किट लिहूनच देता ना?

बांधावरचा

प्रश्न बरोबर आहे भाऊ. किट लिहून देत नाही, पण गरज नसताना एखादी बाटली जास्त जाते हे होतं, आणि मी ते थांबवत नाही. दोन मुलं आहेत, जळगावात घराचा हप्ता आहे. याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

अमळनेरकर_काका

आपण खान्देशची माणसं हा प्रश्न बाहेर कुठे शोधतोय? याचं उत्तर आपल्या मातीत आहे. साने गुरुजी आमच्या अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. एम. ए. झालेला माणूस, कायम नोकरी, पण देशाची हाक आली तशी १९३० साली नोकरीवर लाथ मारली आणि सत्याग्रहात गेले. हिशोब केला नाही, हप्ते मोजले नाहीत. आजच्या पोरांना हेच सांगावं. ज्याला हाक ऐकू येते तो विचारत बसत नाही.

मृण्मयी_मूळची_भुसावळ

काका, आदर ठेवून एक गोष्ट जोडते. गुरुजी शाळेत १९२४ ला लागले. म्हणजे सोडण्याआधी सहा वर्षं ते पगारी शिक्षक होते, आणि त्या सहा वर्षांत छात्रालयातल्या मुलांची आजारपणं काढणं, त्यांच्या खोल्या झाडणं, त्यांच्यासाठी रोज हाताने दैनिक लिहिणं हे सगळं त्यांनी त्या नोकरीत राहूनच केलं. लाथ मारली म्हटलं की ती सहा वर्षं दिसेनाशी होतात. शिवाय ते अविवाहित होते, त्यांच्या पाठीमागे सहकर्जदार वडील नव्हते.

आणि तुमच्याच जिल्ह्याशेजारचं उदाहरण घेऊ. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, एकूण अठरा, आणि ती लिहून घेतली साने गुरुजींनीच. त्यात स्वधर्माबद्दल विनोबांचं म्हणणं असं की तो शोधत फिरावा लागत नाही, तो आपल्याला जन्मासोबत मिळतो, जसे आईबाप मिळतात, आणि त्यांची सेवा हा स्वधर्म काही आपण निवडलेला नसतो. मग मॅडमच्या त्या विद्यार्थिनीचा स्वधर्म कुठला? डोंगरातलं काम, की चार एकरवाल्या वडिलांचं पीक कर्ज? मला वाटतं दोन्ही, आणि अडचण तिथेच आहे.

अमळनेरकर_काका

सहा वर्षांचा मुद्दा मान्य. छात्रालयाबद्दल आमचे वडील सांगायचे. पण हिशोब करून कोणी गुरुजी होत नाही हे मी सोडणार नाही.

शाखा_सांभाळतो

मी बँकेत आहे, कृषी कर्जं बघतो. काकांना नमस्कार, पण मी हिशोबाचाच माणूस आहे, तर हिशोब मांडतो. मॅडम, हा फळ्यावर मांडता येईल.

समजा एका मुलाला दोन ऑफर आहेत. पहिली बियाणं कंपनी, पत्रावर लिहिलंय वर्षाला तीन लाख साठ हजार. दुसरी संस्था, महिना अठरा हजार मानधन. पोरं लगेच म्हणतात तीस विरुद्ध अठरा, बारा हजाराचा फरक. तसं नसतं. त्या तीन साठमध्ये साठ हजार हे टार्गेट पूर्ण झालं तरच, ते बाजूला काढा. राहिले महिन्याला पंचवीस हजार. त्यातून पीएफचा कंपनीचा वाटा दीड हजार, ग्रॅच्युइटीचे सहाशे, पीएफचा आपला वाटा दीड हजार, व्यवसाय कर दोनशे. हातात येतात एकवीस हजार दोनशे. पीएफचे तीन हजार हे तुमचेच आहेत पण आज नाहीत, आणि ग्रॅच्युइटी पाच वर्षं टिकलात तर.

संस्थेचं मानधन म्हणजे बहुतेक वेळा पगार नसतो, तो करार असतो. दहा टक्के टीडीएस कापतात, हातात सोळा हजार दोनशे. कापलेले अठराशे रिटर्न भरलं की परत मिळतात पण पुढच्या वर्षी, आणि अर्धी पोरं रिटर्न भरतच नाहीत. पीएफ नाही.

आता खर्च. कंपनीवाला जळगावात खोली घेणार, मेस, मोबाईल, गाडीचं पेट्रोल आधी स्वतःच्या खिशातून, सगळं मिळून नऊ हजार दोनशे धरा. संस्थेवाला संस्थेच्या खोलीत, जेवण तिथेच, साडेचार हजार. दोघांवर साडेतीन लाखाचं शैक्षणिक कर्ज, दहा टक्के, सात वर्षं, हप्ता सुमारे पाच हजार आठशे. दोघंही घरी पाच हजार पाठवतात. शेवटी कंपनीवाल्याच्या हातात उरले बाराशे, संस्थेवाल्याच्या नऊशे.

म्हणजे चालू महिन्यात दोघं सारखेच. फरक आहे तो पीएफमध्ये, दवाखान्याच्या विम्यात, आणि सगळ्यात जास्त म्हणजे पैसा तारखेला येतो की नाही यात. मॅडमची मुलगी पगार कमी म्हणून नाही पडली, पैसा उशिरा आला म्हणून पडली.

विस्तारवाली

हे वाचून मी दहा मिनिटं नुसती बसून होते. मी वर्गात "कमी पगारात समाधान" असं काहीतरी बोलले होते. तिच्या बाबतीत कमी हा मुद्दाच नव्हता. भाऊ, त्या तीन महिन्यांत तिने काय करायला हवं होतं? बँकेत गेली असती तर काही झालं असतं का?

शाखा_सांभाळतो

झालं असतं. थकबाकी नव्वद दिवसांच्या वर गेली की खातं एनपीए होतं, त्याच्या आत शाखेत गेलं पाहिजे, पहिला हप्ता चुकायच्या आधी गेलं तर उत्तम. मुदत सातवरून दहा वर्षं करून मिळू शकते, हप्ता साधारण चार हजार सहाशेवर येतो. फुकट नाही, एकूण व्याज पासष्ट-सदुसष्ट हजार जास्त जातं, आणि द्यायचं की नाही हे शाखेवर असतं. पण पोरं काय करतात, लाजेने फोन उचलत नाहीत. आणि सहकर्जदाराला माहीतच नसतं की आपल्या नावावर पण ते दिसतं. बापाला वाटतं मी नुसती सही केली.

माझा सल्ला एवढाच, असं काम घ्यायचं तर तीन हप्त्यांचे पैसे, इथे सतरा हजार चारशे, वेगळ्या खात्यात ठेवून मगच जायचं. नसतील तर आधी सहा महिने कुठेही काम करून जमवायचे.

केळीवाला_बाप

मी शेतकरी. माझी मुलगी याच कोर्सला दुसऱ्या वर्षाला आहे. मला राग आला आधी हे वाचून, खरं सांगतो. आम्ही कर्ज काढून शिकवतो ते पोरांनी डोंगरात जाऊन अठरा हजारात राहावं म्हणून नाही. मॅडम तुमचा पगार सातव्या आयोगाचा असेल, तुम्हाला बोलायला सोपं आहे.

पण बांधावरच्या भाऊंचं वाचलं. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे एक पोरगा आला होता, असाच कंपनीचा, त्याने किट दिलं. दोनशे झाडं गेली. त्याला कोणी असा तास दिला असता तर बरं झालं असतं.

विस्तारवाली

दादा, तुमचा राग रास्त आहे. खाजगी कॉलेजात सातवा आयोग कुठला, पण पगार तारखेला येतो हे खरं, आणि मी ते धरून बोलले नव्हते.

धडगावची_पायवाट

मी अक्राणी तालुक्यात नऊ वर्षं संस्थेत काम केलं, आता दुसरीकडे आहे पण सातपुड्यातच. इथे दोन्ही बाजूंनी बोलतायत पण तिथे काम काय असतं हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

लोकांना वाटतं अर्थपूर्ण काम म्हणजे रोज कुणाचे तरी डोळे पुसणं. माझ्या नऊ वर्षांतली निम्मी तरी रजिस्टर भरण्यात, बैठकीची वाट बघण्यात आणि अहवाल लिहिण्यात गेली. सकाळी दोन तास चढून पाड्यावर जायचं आणि कळायचं की सगळे लग्नाला गेलेत. पावसात रस्ता तुटला की आठ दिवस तिथेच. भिलोरी किंवा पावरी येत नसेल तर पहिलं वर्ष तुम्ही नुसते हसत बसता. एकदा परसबागेचं बियाणं वाटलं, चाळीस घरं, भारी फोटो काढले, उन्हाळ्यात जाऊन बघितलं तर सहा ठिकाणी काहीतरी हिरवं होतं, कारण पाणी बायका डोक्यावरून आणत होत्या आणि ते आम्ही विचारलंच नव्हतं. त्या सहा घरांत का टिकलं हे बघायला मी पुढचे तीन महिने घालवले, भांडी घासायचं पाणी वाफ्यात सोडत होत्या त्या. तेव्हा मला वाटलं की मी इथलीच आहे. वाटपाच्या दिवशी नव्हतं वाटलं.

पोरांना सांगा, संस्थेत हो म्हणायच्या आधी तिथे पंधरा दिवस राहून या, ते पण कार्यक्रम नसेल तेव्हा. आणि सोडून गेलेल्या दोन माणसांना फोन करा. मुलाखतीत विचारा की हा प्रकल्प कोणत्या महिन्यात संपतो, त्यानंतरचा निधी लिहून आलाय का, आणि मागच्या वर्षी मानधन किती तारखांना झालं. चांगली संस्था रागावत नाही, उलट खुश होते. रागावून "तुम्हाला समाजकार्य करायचंय की पैसे मोजायचेत" असं कोणी म्हटलं ना, तर तिथून उठून यावं. मी हे वाक्य ऐकलंय आणि उठले नाही, दोन वर्षं उगीच गेली.

मृण्मयी_मूळची_भुसावळ

पायवाट ताई, तुमच्या त्या शेवटच्या वाक्यावर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत प्राणिसंग्रहालयात काम करणाऱ्या लोकांवर, २००९ साली छापून आला. पगार अगदी कमी, त्यातले बरेच जण पदवीधर, तरी सोडत नाहीत. ज्यांना हे काम म्हणजे आपल्यासाठीच आहे असं वाटत होतं त्यांना कामाचा अर्थ जास्त सापडत होता, आणि तेच लोक कमी पैसे, वाईट वेळा, जास्त राबणं हे सगळं सहन करायला तयार होते. म्हणजे हाक ऐकू येणं ही ताकद पण आहे आणि तिथेच माणूस पिळलाही जातो.

त्याआधीचा, १९९७ चा एक अभ्यास मॅडमना तासाला उपयोगी पडेल. त्यात लोकांनी स्वतःचं काम नुसती नोकरी, करिअर की हाक, कशाच्या जवळ जातं ते सांगितलं. गंमत अशी की चोवीस कार्यालयीन सहायक, म्हणजे जवळपास एकच हुद्दा आणि एकच काम, त्यांच्यातही जवळजवळ एक-एक तृतीयांश अशी तिन्हीकडे वाटणी झाली. म्हणजे कामाचं नाव बघून आत काय आहे ते सांगता येत नाही. नानांचा वायरमन पुतण्या आणि बांधावरचे दादा हेच सांगत होते.

पण एक सावधान. यावरून "कुठेही राहा, दृष्टी बदला" असं शिकवू नका. किट विकणाऱ्याला दृष्टी बदलून काय होणार, किट तर तेच.

तयारी_सुरूच

माझी पण केस सांगतो. स्पर्धा परीक्षेच्या तयारीचं चौथं वर्ष, पुण्यात. घरचे सांगतात हा सुरक्षित मार्ग आहे. सुरक्षित कसला, खोली, मेस, अभ्यासिका धरून महिन्याला अकरा हजार घरून येतात आणि चार वर्षांचे ते पाच लाखाच्या वर झाले, हे कोणाच्या हिशोबात येत नाही. मला मुलाखतीत विचारतील कृषी अधिकारी का व्हायचंय, आणि मला खरं उत्तर येत नाही. रावेमध्ये ज्या गावात होतो तिथे माती परीक्षणाचे नमुने घेतले होते, ते दिवस आठवतात फक्त. मॅडमचा तास मला चार वर्षांपूर्वी हवा होता.

भुसावळ_जंक्शन

तयारी भाऊ, वय बसतंय अजून. पण गावाकडे येऊन एकदा भरीत-पुरी खाऊन जा, चार वर्षांत मेसने जीव घेतला असेल.

यावलचा_नाना

भरीत बामणोदच्या वांग्याचंच. तठे जाईसन देख. बाकी मॅडम, आता मला विषय कळला.

अमळनेरकर_काका

तयारी, बेटा, मातीचे नमुने आठवतात म्हणालास ना? लिहून ठेव ते. कुठे घेतले, कोणाचं वावर, काय निघालं. मुलाखतीत तेच सांग. (मी हिशोबाच्या विरोधात नाही, बँकवाल्या भाऊंचा फळा मी पण वहीत उतरवून घेतला, नातीला दाखवायला.)

विस्तारवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तास झाला, जसा झाला तसा लिहिते.

पहिली चाळीस मिनिटं शाखा भाऊंचा हिशोब, पण आकडे मी दिले नाहीत. ज्यांना ऑफर आल्यात त्यांनी आपापली पत्रं काढली आणि सगळ्यांनी मिळून हातात किती ते काढलं. दोन मुलांना पहिल्यांदा कळलं की त्यांच्या पत्रातला तिसरा हिस्सा टार्गेटवर आहे. मग मी विचारलं, तुमच्या शैक्षणिक कर्जात सहकर्जदार कोण आहे? चाळीसपैकी सव्वीस जणांवर कर्ज आहे, त्यातल्या नऊ जणांना सहकर्जदार कोण हे माहीतच नव्हतं.

नंतर हरण्याची बाग मांडली. महिना संपायला सहा दिवस, दुकानदार शेजारी उभा, शेतकरी किट मागतोय, काय करणार? सगळे म्हणाले उपटायला सांगू. मग विचारलं, आणि तुमच्या घरी हप्ता असेल तर? बराच वेळ कोणी बोललं नाही. एक मुलगा म्हणाला, मॅडम, मी किट देईन आणि उपटायला पण सांगेन. त्यावर जे भांडण जुंपलं ते घंटा होऊन गेल्यावर पण चालू होतं. मी निकाल दिला नाही. मला खरंच माहीत नाही की पहिल्या वर्षाला लागलेल्या बावीस वर्षांच्या पोराकडून किती अपेक्षा करावी.

पंधरा दिवस राहून या, हे सात जणांनी वहीत लिहून घेतलं. त्यातली तिघं दिवाळीच्या सुट्टीत जायचं म्हणतायत.

आणि एका मुलीने शेवटी उभं राहून विचारलं की मॅडम, ज्यांना एकच ऑफर आहे त्यांच्यासाठी या तासात काय होतं? तिच्याकडे एकच आहे, गोदामात, खताच्या पोत्यांचा हिशोब ठेवायचा. मला सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का कोणाला?

बांधावरचा

मॅडम, गोदामाचं मी सांगू शकतो, माझं पहिलं वर्ष तिथेच गेलं. पोत्याच्या मागे लॉट नंबर आणि तारीख असते, जुना माल पुढे काढायचा हे तिच्या हातात असतं. ते नीट केलं नाही तर दगड झालेलं खत आपल्याच कुणाच्या तरी बांधावर जातं. तिला माझा इथला निरोप द्या, दर महिन्याच्या स्टॉक मोजणीला काय बघायचं ते मी तिला लिहून देतो. त्यात तिचा जीव रमेल की नाही हे मात्र मी सांगू शकत नाही.

विस्तारवाली

देते. आणि एक राहिलं. मागच्या वर्षीच्या त्या मुलीला मी काल रात्री फोन केला, हा धागा पाठवला होता आधीच. तिने विचारलं, पुढच्या वेळी तासाला मी येऊ का, वडिलांना पण घेऊन येते, त्यांना बोलायचंय. मी हो म्हणाले. थकबाकी भरून झाली आहे, सध्या ती चोपड्याला एका रोपवाटिकेत आहे, सतरा हजार चारशेतले नऊ हजार जमलेत म्हणाली.